मान द्यायचा, पण कुठल्या शब्दाला?

शाळेचा सुवर्णमहोत्सव असो, मुख्याध्यापकांची सेवापूर्ती असो, नाहीतर गावातल्या एखाद्या ज्येष्ठाची पंच्याहत्तरी, आता स्मरणिका निघतेच. आठवणी सांगणारे लोक बोलतात, कोणीतरी त्या मोबाइलवर रेकॉर्ड करतं आणि मग ‘शब्दांकन’ नावाचं काम एखाद्या हौशी माणसाच्या गळ्यात पडतं. बोलणं जसंच्या तसं छापता येत नाही, ते थोडं नीटनेटकं करावं लागतं. अशा अंकात हमखास सापडणारं वाक्य असं असतं: ‘सर वर्गात आले की सगळे गप्प. तो कधी कोणावर हात उगारत नसे, पण त्यांचा धाक होता.’ दोन ओळींत एकाच माणसाला एकदा मान, एकदा एकेरी आणि पुन्हा मान. हेच वाक्य बोलताना कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आवाजातला जिव्हाळा सगळं सांभाळून घेतो. कागदावर मात्र तो ‘तो’ डोळ्यांत खुपतो.

हे दुरुस्त करायला बसलं की बहुतेकांचा समज असा होतो की वाक्यातली सगळी क्रियापदं अनेकवचनी केली की झालं. नेमकं तिथेच दुसऱ्या प्रकारच्या चुका सुरू होतात. ‘सरांनी सायकल झाडाखाली लावले’, ‘सरांना राग आले’, ‘बाईंनी म्हणाल्या’ अशी वाक्यं विसराळूपणातून येत नाहीत, ती जास्तीच्या आदरातून येतात. मराठी वाक्यात आदराला बसायला ठरावीक जागा आहेत. त्या भरल्या की पुरे. बाकीच्या शब्दांना हात लावायचं कारण नाही.

आदर बसतो त्या तीन जागा

पहिली जागा म्हणजे त्या व्यक्तीचं नाव किंवा सर्वनाम. ‘तो’ऐवजी ‘ते’, ‘ती’ऐवजी ‘त्या’, ‘त्याने’ आणि ‘तिने’ या दोन्हींऐवजी ‘त्यांनी’. नावाला प्रत्यय लागतो तेव्हा हा आदर बहुधा एका अनुस्वारात मावतो. ‘गुरुजीनी’ हे अशुद्ध, ‘गुरुजींनी’ हे शुद्ध. ‘साहेबाने’ म्हणजे कोणी एक साहेब, ‘साहेबांनी’ म्हणजे आपले साहेब. ‘बाईने’ आणि ‘बाईंनी’ यांत तर माणूसच बदलतो: पहिली रस्त्याने जाणारी कोणी बाई, दुसऱ्या आपल्या वर्गावरच्या बाई. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे शुद्धलेखनाचे नियम आजही प्रमाण मानले जातात. अनेकवचनी सामान्यरूपावर जसा अनुस्वार द्यायचा, तसाच तो आदरार्थी बहुवचनातही द्यायचा, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. टायपिंग करताना सगळ्यात आधी गळतो तो हाच ठिपका.

दुसरी जागा म्हणजे त्या व्यक्तीला लागलेली विशेषणं. ‘आमचे गुरुजी’, ‘मोठे काका’, ‘नव्या बाई’, ‘रागावलेले साहेब’. ‘माझा काका’ हे जवळिकीचं रूप आहे, पण एका परिच्छेदात ‘माझा काका’ आणि पुढच्यात ‘काका म्हणाले’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोन काका असल्यासारखं वाटतं.

तिसरी जागा क्रियापदाची, आणि सगळा घोळ इथेच आहे. क्रियापदात आदर दिसतो, पण ते त्या व्यक्तीशी जुळत असेल तेव्हाच. ‘गुरुजी आले’, ‘बाई निघाल्या’, ‘साहेब येणार आहेत’ या वाक्यांत कर्त्याला कुठलाही प्रत्यय नाही, म्हणून क्रियापद त्याच्याकडे बघून चालतं. शाळेत आपण याला कर्तरी प्रयोग म्हणायला शिकलो. पण कर्त्याला ‘नी’ लागला की क्रियापद त्याच्याकडे पाठ फिरवतं आणि कर्माकडे बघायला लागतं. ‘गुरुजींनी वही तपासली’, ‘गुरुजींनी धडा शिकवला’, ‘गुरुजींनी पुस्तक दिलं’: तिन्ही वाक्यांत गुरुजी तेच, मानही तोच, पण क्रियापद वही, धडा आणि पुस्तक यांच्याप्रमाणे बदललं. यात गुरुजींचा अपमान अजिबात नाही. त्यांचा मान ‘गुरुजींनी’मधल्या अनुस्वारात आधीच दिलेला आहे.

एक खरं उदाहरण घेऊ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचं मुख्यालय साताऱ्याला नेलं. या वाक्यात ‘केली’ संस्थेशी जुळतं आणि ‘नेलं’ मुख्यालयाशी. दोन्ही क्रियापदं एकवचनी आहेत. आदराची संपूर्ण जबाबदारी ‘पाटलांनी’ या एका शब्दावर आहे. ‘भाऊरावांनी संस्था स्थापन केले’ असं लिहिलं, तर मान वाढत नाही, मराठी तेवढी बिघडते. आता हीच माहिती ‘भाऊराव साताऱ्याला गेले’ अशी दिली, तर कर्ता मोकळा झाला आणि ‘गेले’ हे अनेकवचन आवश्यक ठरलं.

‘ना’ लागलेल्या वाक्यांचंही तसंच. ‘सरांना राग आला’, ‘बाईंना ताप होता’, ‘साहेबांना आमचा अर्ज मिळाला’ या वाक्यांत क्रियापद राग, ताप आणि अर्ज यांच्याशी जुळतं. ‘सरांचा आवाज खणखणीत होता’ यात ‘होता’ आवाजाचं आहे, सरांचं नाही. ज्या वस्तूबद्दल वाक्य आहे तिला मान द्यायचा नसतो, ती कितीही मोठ्या माणसाची असली तरी.

इथे एक छोटी फसगत होते ती चार-पाच क्रियापदांची. म्हणणे, बोलणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं सकर्मक असली तरी भूतकाळात कर्त्याला ‘नी’ लावू देत नाहीत. ‘सर डबा विसरले’, ‘बाई नवीन भाषा शिकल्या’, ‘साहेब दोन शब्द बोलले’. बातमी लिहिताना ‘सांगितलं’ फार वेळा आलं म्हणून कोणी त्या जागी ‘म्हणाले’ टाकतं आणि वाक्याचं डोकं बदलायला विसरतं. मग छापून येतं: ‘जिल्हाधिकारी यांनी म्हणाले’. ‘जिल्हाधिकारी म्हणाले’ किंवा ‘जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितलं’, दोन्ही चालेल. शेपूट बदललं की डोकं तपासायचं, एवढी सवय लागली तरी निम्म्या चुका जातात.

एकच ‘होते’, तीन अर्थ

ज्यांचा लेख ‘केले, गेले, होते’ अशा ग्रांथिक वळणाचा असतो, त्यांना चूक शोधताना आणखी एक अडचण येते. ‘गुरुजी होते’ यातलं ‘होते’ आदराचं अनेकवचन आहे. ‘घर होते’ यातलं ‘होते’ नपुंसकलिंगी एकवचन आहे. ‘पहाट होते’ यातलं ‘होते’ चक्क वर्तमानकाळ आहे. तिन्ही अक्षरशः सारखी दिसतात. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पान चाळून कुठे आदर आहे आणि कुठे नाही हे कळत नाही.

यावर सोपी परीक्षा आहे. ते क्रियापद बोलीत म्हणून पाहायचं. ‘होतं’ किंवा ‘केलं’ असं म्हणता आलं, तर ते एकवचन आहे आणि त्याचा माणसाशी संबंध नाही. ‘गुरुजींनी काम केले’ हे ‘गुरुजींनी काम केलं’ असं सहज म्हणता येतं. म्हणजे ‘केले’ कामाचं आहे. ‘गुरुजी आले’ हे कोणी ‘गुरुजी आलं’ असं म्हणणार नाही. म्हणजे ‘आले’ गुरुजींचं आहे. ‘गुरुजींनी सायकल लावले’ हे ‘सायकल लावलं’ असं म्हणताच कान दुखतो आणि चूक उघडी पडते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी काळजी लागते. वर्तमान आणि भविष्यकाळात ‘येतात’, ‘येतील’ ही रूपं स्त्री-पुरुष दोघांना सारखीच असतात आणि ‘त्यांनी’मध्येही लिंग कळत नाही. तहसीलदार, विस्तार अधिकारी, न्यायाधीश ही पदंही बाईची की पुरुषाची ते सांगत नाहीत. त्यामुळे ‘विस्तार अधिकारी शाळेत येतात, त्यांनी वर्ग पाहिले, त्यांना समाधान वाटलं’ असा अख्खा परिच्छेद लिंग न कळता निघून जातो. मग पहिलं ‘आले’ किंवा ‘आल्या’ येतं आणि तिथे गडबड होते. अधिकारी बाई असतील तर ‘आल्या’, ‘म्हणाल्या’, ‘होत्या’ हेच हवं. ‘मॅडम म्हणाले’ हे आदराने केलेलं असलं तरी चूकच. ‘मॅडम’ या शब्दाला सामान्यरूप सहसा होत नाही, म्हणून ‘मॅडमनी’ आणि ‘मॅडमना’ लिहायचं. ‘मॅडमने’ लिहिलं की मान गेला.

‘माणूस’ शब्द एकेरीकडे ओढतो

चांगला लिहिणारासुद्धा मध्येच एकेरीवर का घसरतो? याचं एक कारण ‘माणूस’, ‘व्यक्ती’, ‘स्वारी’ यांसारखे शब्द. ‘गुरुजी म्हणजे कडक माणूस. सकाळी सायकलवरून यायचा.’ बोलणाऱ्याच्या डोक्यात ‘यायचा’चा कर्ता ‘माणूस’ आहे, म्हणून ते एकवचनी झालं. यात अनादर नाही. लिहिताना मात्र पूर्णविरामानंतर वाचणारा पुन्हा गुरुजींकडे येतो आणि त्याला ‘यायचा’ अडखळवतं. म्हणून ‘गुरुजी कडक शिस्तीचे. सकाळी सायकलवरून यायचे’ असं करायचं. पण ‘असा माणूस पुन्हा होणार नाही’ या वाक्यात माणूस हाच कर्ता आहे; तिथे ‘अशी माणसं पुन्हा होणार नाहीत’ असं करायला जाऊ नये. ‘व्यक्ती’ शब्द स्त्रीलिंगी असल्याने तो तर पुरुषालाही ‘तिने’वर नेतो. शक्यतो तो शब्दच टाळलेला बरा.

ज्याची उपमा दिली आहे ते नाम मात्र स्वतःचं लिंग-वचन सोडत नाही. ‘बाई आमच्या शाळेचा कणा होत्या’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. ‘शाळेचा’ कण्याशी जुळतं आणि ‘होत्या’ बाईंशी. काही जण घाबरून ‘बाई शाळेचे कणे होत्या’पर्यंत जातात.

एक उतारा, वाक्यागणिक

आता हे सगळं एका उताऱ्यावर चालवून पाहू. खालचा मजकूर या लेखासाठी रचलेला आहे, पण कुठल्याही माजी विद्यार्थ्याचं भाषण ऐकलंत तर ते साधारण असंच असतं.

‘गुरुजी म्हणजे कडक माणूस. सकाळी सायकलवरून यायचा, सायकल लिंबाखाली लावली की थेट वर्गात. एकदा मी आठ दिवस शाळेला गेलो नाही, तर गुरुजी आमच्या घरी. आई भाकरी करत होती. तिला म्हणाले, पोरगं कुठाय? आई म्हणाली, गुरं राखायला गेलंय. वडील ओट्यावर होते. त्याला वाटलं, आता गुरुजी चिडणार. पण गुरुजींनी काय केलं, वडिलांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, सकाळी त्याला शाळेत पाठवा, दुपारनंतर गुरं राखू दे. पुढं तपासणीला साहेब आले. बाई होत्या, विस्तार अधिकारी. त्यांनी माझी वही बघितली आणि गुरुजींना म्हणाले, ह्या मुलाला स्कॉलरशिपला बसवा. गुरुजी, तुम्ही त्या दिवशी घरी आला नसतात तर मी आज इथं नसतो. तुम्ही मला घडवलंत.’

हौशी शब्दांकनात याचं असं होतं: ‘गुरुजी कडक शिस्तीचे होते. सायकल लिंबाखाली लावले की ते थेट वर्गात जायचे. एकदा मी आठ दिवस शाळेला गेलो नाही, तेव्हा गुरुजी घरी आले. आई भाकरी करत होत्या. गुरुजींनी त्यांना म्हणाले, पोरगं कुठाय? वडील ओट्यावर होते. त्यांना वाटले, आता गुरुजी चिडणार. पण त्यांनी त्यांच्या शेजारी बसले. पुढे विस्तार अधिकारी साहेब आले. ते गुरुजींना म्हणाले, या मुलाला शिष्यवृत्तीला बसवा. गुरुजींनी मला घडवलंत.’

काम सुरू करण्याआधी कागदावर माणसांची यादी करायची. या उताऱ्यात चार मोठी माणसं आहेत. गुरुजी: ते, आले, त्यांनी. वडील: ते, बसले, त्यांना. विस्तार अधिकारी: त्या, आल्या, त्यांनी. आई: ती, म्हणाली, तिला. पाचवा बोलणारा स्वतः, त्याचा ‘मी’ तसाच ठेवायचा. एवढ्या चार ओळी समोर असल्या की प्रत्येक वाक्यात विचार करावा लागत नाही.

आईपासून सुरुवात करू, कारण तिथे शब्दांकनकाराने नको तिथे हात घातला आहे. मराठीत आई बहुतेक घरांत एकेरीच असते, आजीही बऱ्याचदा असते आणि विठोबाही असतो. ती जवळीक आहे. सासूबाई आल्या, पण आई आली. ‘आई भाकरी करत होत्या’ असं केलं की बोलणाऱ्याची आई त्याच्यापासून दूर जाते, ती दुसऱ्याची कोणीतरी वाटायला लागते. साने गुरुजींच्या पुस्तकाचं नाव ‘श्यामची आई’ आणि नरेंद्र जाधवांच्या पुस्तकाचं ‘आमचा बाप आन् आम्ही’. दुसऱ्या नावात वडीलही एकेरी आहेत आणि तेच त्या नावाचं बळ आहे. कोणाला कसं म्हणायचं हा बोलणाऱ्याचा हक्क आहे. शब्दांकनकाराने फक्त ते एकसारखं ठेवायचं.

मग वडिलांना ‘त्याला वाटलं’ असं बोलणारा म्हणाला त्याचं काय? त्याने स्वतःच दोनदा ‘वडील’ म्हटलं आहे आणि ‘वडील होते’ असं अनेकवचन वापरलं आहे. ‘वडील’ हा शब्द मुळातच अनेकवचनी चालतो. म्हणजे त्याचा कल मान देण्याकडे आहे आणि ‘त्याला’ ही बोलण्याच्या ओघातली घसरण आहे. तो सगळीकडे ‘बाप म्हणाला’ असं बोलला असता, तर ‘बाप’च ठेवायला हवा होता. कुठला कल मुख्य आणि कुठली घसरण, हे सगळं भाषण एकदा ऐकून ठरवायचं. तरीही ठरलं नाही, तर फोन करून त्यालाच विचारायचं.

सायकलचं वाक्य तर मुळातच बरोबर होतं. ‘सायकल लावली की’ यात ‘लावली’ सायकलशी जुळतं. ‘लावले’ ही नव्याने पेरलेली चूक आहे. ‘गुरुजींनी त्यांना म्हणाले’ आणि ‘त्यांनी शेजारी बसले’ या एकाच कुळातल्या चुका. ‘म्हणाले’ आणि ‘बसले’ यांना मोकळा कर्ता लागतो. बोलणाऱ्याच्या ‘गुरुजींनी काय केलं, शेजारी बसले’ यात मध्ये विराम होता, म्हणून ते चाललं. ‘काय केलं’ काढून टाकल्यावर ‘नी’ही काढायला हवा होता.

‘त्यांनी त्यांच्या शेजारी’ यात दुसरा प्रश्न आहे. सगळ्यांनाच मान दिला की सगळेच ‘ते’ होतात. गुरुजी ते, वडील ते, साहेब ते. एकेरी माणूस असता तर ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ यांवरून कोण कोणाशी बोलतो ते कळलं असतं. आदराचं अनेकवचन हा आधार काढून घेतं. त्यामुळे दोन मान्यवर एका वाक्यात आले, की एकाचं तरी नाव पुन्हा लिहायचंच. ‘गुरुजी वडिलांच्या शेजारी बसले’ यात पुनरुक्ती झाली तरी चालेल, संदिग्धता झालेली चालणार नाही. ‘शिक्षक आले’ या वाक्यातही एक शिक्षक की चार, ते कळत नाही. तिथे ‘एक शिक्षक’ किंवा ‘सगळे शिक्षक’ असा एक शब्द जास्त घालावा.

विस्तार अधिकाऱ्यांबद्दल बोलणाराच गोंधळला आहे. ‘साहेब आले’ म्हणून सुरुवात केली, बाई होत्या हे मध्ये आठवलं आणि शेवटी पुन्हा ‘म्हणाले’. ‘साहेब’ या शब्दाने त्याला पुल्लिंगाकडे ओढलं. शब्दांकनात ‘बाई होत्या’ ही माहितीच गळाली आणि एका बाईंचा पुरुष झाला. ‘विस्तार अधिकारी तपासणीला आल्या’ एवढं लिहिलं की वेगळं सांगायची गरजच उरत नाही.

राहिला शेवटचा ‘त’. समोर बसलेल्या गुरुजींशी बोलताना ‘तुम्ही घडवलंत’, ‘तुम्ही आलात’ असं आपण म्हणतो. तो शेवटचा ‘त’ समोरच्या माणसाचा असतो. गुरुजींबद्दल तिसऱ्या माणसाला सांगताना तो जायलाच हवा: ‘गुरुजींनी मला घडवलं’, ‘गुरुजी आले’. भाषणाचा लेख करताना ‘तुम्ही’ची जागा ‘गुरुजींनी’ घेतं आणि ‘त’ मागे तसाच राहतो. छापील स्मरणिकांमध्ये ही चूक फार दिसते.

सगळं जुळवून उतारा असा होतो: ‘गुरुजी कडक शिस्तीचे. सकाळी सायकलवरून यायचे, सायकल लिंबाखाली लावली की थेट वर्गात. एकदा मी आठ दिवस शाळेला गेलो नाही, तर गुरुजी आमच्या घरी आले. आई भाकरी करत होती. “पोरगं कुठाय?” त्यांनी तिला विचारलं. “गुरं राखायला गेलंय,” ती म्हणाली. वडील ओट्यावर होते. त्यांना वाटलं, आता गुरुजी चिडणार. पण गुरुजी वडिलांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “सकाळी त्याला शाळेत पाठवा, दुपारनंतर गुरं राखू दे.” पुढे विस्तार अधिकारी तपासणीला आल्या. त्यांनी माझी वही पाहिली आणि त्या गुरुजींना म्हणाल्या, “या मुलाला स्कॉलरशिपला बसवा.” गुरुजी त्या दिवशी घरी आले नसते, तर मी आज इथे नसतो. त्यांनी मला घडवलं.’

बातमी आणि चरित्र

अधिकाऱ्यांबद्दलच्या मजकुरात ‘यांनी’ची जोड उपयोगी पडते. ‘टिळकांनी’, ‘गोखल्यांनी’ अशी आडनावं सहज वळतात, पण काही नावं वळवली की ओळखू येईनाशी होतात. तेव्हा नाव जसंच्या तसं ठेवून पुढे ‘यांनी’ किंवा ‘यांना’ लिहायचं. प्रत्यय आणि आदर दोन्ही तोच शब्द सांभाळतो. पहिल्या उल्लेखाला एवढं पुरतं, पुढे ‘त्यांनी’ चालतं. ‘तहसीलदारांनी यांनी’ असं दोनदा मात्र होऊ देऊ नये. आणि ‘मी उद्या येईन’ हे साहेबांचं बोलणं अप्रत्यक्ष करायचं असेल, तर ‘ते येईन म्हणाले’ असली कसरत नको. ‘आपण उद्या येऊ, असं साहेबांनी सांगितलं’ किंवा ‘साहेबांनी उद्या येणार असल्याचं सांगितलं’ ही दोन्ही वळणं रोजच्या मराठीतली आहेत. दुसऱ्यात तर ‘असल्याचं’मुळे वचनाचा प्रश्नच मिटतो.

चरित्रात्मक लेखात प्रश्न येतो तो बालपणाचा. पुढे थोर झालेला माणूस पाच वर्षांचा असताना ‘तो’ की ‘ते’? दोन्ही पद्धती मराठीत आहेत. पण एकेरीने सुरुवात केली, तर बदल कुठे करायचा ते आधी ठरवावं, आणि तो नाव बदलतं तिथे केला की सगळ्यात कमी खटकतो. कोकणातल्या पालगडचा पांडुरंग शाळेत जात होता. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिकवत होते. नाव बदललं, वचन बदललं, वाचणाऱ्याला वाट कळली. एकाच परिच्छेदात ‘पांडुरंग गेला’ आणि दोन ओळींनी ‘पांडुरंग म्हणाले’ हे मात्र चालत नाही.

मजकूर छापखान्यात देण्याआधी तो जितकी माणसं आहेत तितक्या वेळा वाचा. पहिल्या वाचनात फक्त गुरुजींकडे लक्ष द्या, दुसऱ्यात फक्त वडिलांकडे, तिसऱ्यात विस्तार अधिकाऱ्यांकडे. यादीतली रूपं शेजारी ठेवा. क्रियापद त्या माणसाशी जुळतं की वस्तूशी, एवढंच प्रत्येक ठिकाणी विचारा आणि वस्तूशी जुळत असेल तर त्याला हात लावू नका. आणि आई जर बोलणाऱ्याने ‘ती’ म्हणून सांगितली असेल, तर ती ‘ती’च राहू द्या.